सपाट बाजूला चांदी

डॉक्टरांच्या कपाळावरचा आरसा नवरात्राच्या आधी फुटला. कंपाउंडर पुसत होता, हातातून सटकला, फरशीवर पडला आणि चार तुकडे झाले. गोल, खोलगट, मध्ये भोक असलेला हा आरसा डॉक्टर पट्ट्याने कपाळावर बांधत. रोग्याच्या कानामागे थोडा दूर दिवा ठेवायचा, आरशाने त्याचा उजेड गोळा करून घशात टाकायचा आणि भोकातून पाहायचं. आमच्या तालुक्याच्या गावात वीज नव्हती. लढाई चालू होती, त्यामुळे मुंबईच्या दुकानदाराने नवा आरसा मिळणार नाही असं सरळ कळवून टाकलं. बॅटरीचे सेलही मिळेनासे झाले होते.

मग डॉक्टर शाळेत माझ्याकडे आले. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. विज्ञानाची खोली म्हणजे दोन कपाटं, एक लांब टेबल आणि भिंतीवर चित्रं पाडणारी मोडकी मॅजिक लँटर्न. वर्गात तेव्हा कोणी नव्हतं.

"मास्तर, तुमच्याजवळ काही जुगाड होते काय याचं?" ते म्हणाले. "मले आठ इंचाचा आरसा पाह्यजे. म्हणजे त्याचं फोकस आठ इंच."

मी लँटर्नमधलं मोठं भिंग काढून दाखवलं. तळहाताएवढं, एक बाजू सपाट, एक फुगीर. उन्हात धरलं की त्याखाली चाळीस सेंटिमीटरवर सूर्याचा ठिपका पडायचा. मी डॉक्टरांना मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं की, याच्या सपाट बाजूला मागून चांदी चढवली की हेच भिंग आरसा होतं. उजेड भिंगातून आत जातो, चांदीवर आपटतो आणि परत त्याच भिंगातून बाहेर येतो. सपाट चांदी फक्त त्याला मागे फिरवते, पण भिंगाचं काम दोनदा होतं. म्हणून चाळीसचे निम्मे वीस. वीस सेंटिमीटर म्हणजे तुमचे आठ इंच.

"मंग झालंच की," डॉक्टर म्हणाले. "कधी देता?"

"देतो या हप्त्यात," मी म्हटलं.

त्या हप्त्यात सहामाहीचे पेपर होते. पुढच्या हप्त्यात इन्स्पेक्टरसाहेब येणार म्हणून कपाटांवर लेबलं चिकटवायची होती. नंतर दिवाळी आली. दिवाळीनंतर मी ते विसरलो असं म्हटलं तर खोटं होईल. लँटर्न दिसली की मला आठवायचं, आणि आठवलं की कंटाळा यायचा. शिवाय मी तसा तिरसट माणूस. डॉक्टर सरकारी, पगार मोठा, त्यांनी मला सांगावं आणि मी लगेच उठून करावं, हे मनातून पटत नव्हतं. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. बाजारात भेटले की हसून नमस्कार करायचे. त्या नमस्कारात तगादा आहे असं वाटून मी दुसऱ्या बाजूने जायचो.

मार्गशीर्षात आमच्या मुलीचा घसा धरला. ती पाच वर्षांची होती.

ताप फार नव्हता. गिळताना रडायची, एवढंच. दुसऱ्या दिवशी डॉक्टर घरी आले. बायकोने कंदील धरला. मुलगी तोंड उघडेना, उघडलं की ओकारी काढायची, आणि कंदिलाचा उजेड तिच्या ओठांच्या पलीकडे जाईना. डॉक्टरांनी तीनदा प्रयत्न केला. लाली दिसली, गाठी सुजल्यात, असं म्हणाले. लावायला औषध दिलं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. घशात खोलवर राखाडी पडदा धरलेला होता, तो त्यांना दिसला नाही. तो घटसर्प होता. दोन दिवसांनी मान सुजली तेव्हा तो दिसायला आरशाची गरज उरली नव्हती. सर्व्हिस मोटारीने आम्ही तिला बुलढाण्याला नेलं. तिथे घटसर्पावरची सुई दिली. पण ती सुई वेळेवर मिळावी लागते, असं तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

त्यानंतरचे दिवस मी लिहू शकत नाही, कारण त्यातलं मला काही आठवत नाही. रडलो नाही हे आठवतं. लोक बसायला यायचे, मी त्यांना चहा विचारायचो. तेरावं झालं, शाळेत जायला लागलो, फळ्यावर लिहायला लागलो. मुलांनी गोंधळ केला तर पूर्वी मी खडू फेकून मारायचो. आता गोंधळ संपेपर्यंत उभा राहायचो. जेवणाची चव लागायची नाही, थंडी लागायची नाही. पौषात एकदा सदरा उलटा घालून शाळेत गेलो, ते बायकोने संध्याकाळी दाखवलं.

एक गोष्ट मात्र त्या सगळ्या सुन्नपणातही जागी होती. डॉक्टरांनी आरसा मला सांगितला होता आणि मी तो केला नव्हता. हे दोघांनाच माहीत होतं, मला आणि डॉक्टरांना. बायकोला माहीत नव्हतं. ती साखरखेर्ड्याची, फार बोलणारी नव्हे. तिने डॉक्टरांना दोष दिला नाही, मला दिला नाही, देवालाही दिला नाही. ती काम करायची. मला भीती वाटायची ती एवढीच, की हे तिला एक दिवस कळेल.

माघात एका दुपारी डॉक्टर पुन्हा विज्ञानाच्या खोलीत आले. दारातच उभे राहिले.

"मास्तर, जानेफळले तीन लेकरं घशानं आजारी हायेत," ते म्हणाले. माझ्याकडे न पाहता टेबलाकडे पाहत होते. "मी दोनदा जाऊन आलो. कंदिलात मले काही दिसून नाही राह्यलं. तुम्हाले म्हणू नये आता. पण दुसरं कोणाले म्हणू?"

मी कपाट उघडून भिंग काढलं. डॉक्टरांनी खिशातून काचेची तपकिरी बाटली काढून ठेवली. दवाखान्यात जखमा जाळायला वापरतात ते सिल्व्हर नायट्रेट, तळाशी थोडंसं. "इतकंच हाय," ते म्हणाले. "नवीन कधी येईल सांगता येत नाही."

शाळा सुटल्यावर मी कामाला लागलो. भिंगाची कड आणि ज्या बाजूला चांदी नको ती बाजू मेणाने झाकायची. उघडी बाजू नायट्रिक आम्लाने धुवायची, मग पाण्याने, मग पुन्हा पाण्याने. सिल्व्हर नायट्रेट ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून त्यात थेंबथेंब अमोनिया टाकायचा. आधी तपकिरी गढूळ होतं, आणखी थेंब पडले की निवळतं. निवळलं की थांबायचं. मग साखरेचं पाणी. ताटलीत ते ओतून भिंग उघड्या बाजूने आत टेकवायचं आणि वाट पाहायची. पाणी काळवंडतं आणि काचेवर चांदी बसते. मला हे सगळं हाताला पाठ होतं. अर्धं सिल्व्हर नायट्रेट घेतलं, अर्धं ठेवलं. भिंग बाहेर काढलं तेव्हा चांदी छान बसली होती. मागून चपडी लाखेचा हात दिला, वाळू दिलं आणि घरी गेलो. काही चूक झाल्याचं मला जाणवलं नाही. खरं तर मला काहीच जाणवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आरसा तपासायला बसलो. मॅट्रिकच्या मुलांना जो प्रयोग सांगतो तोच. आरसा टेबलावर चांदी खाली करून ठेवायचा, स्टँडला आडवी टाचणी लावून ती वर धरायची आणि सरळ वरून पाहायचं. टाचणीची उलटी प्रतिमा दिसते. टाचणी वरखाली करत जायची. डोकं डावीउजवीकडे हलवलं तर टाचणी आणि प्रतिमा एकमेकींपासून सरकतात. ज्या उंचीला दोघींची टोकं भिडतात आणि डोकं हलवलं तरी सुटत नाहीत, तिथे वस्तू आणि प्रतिमा एकाच जागी असतात. ती उंची फोकसच्या दुप्पट. म्हणजे माझी टाचणी चाळीस सेंटिमीटरवर भिडायला हवी होती.

चाळीसवर भिडली नाही. मी टाचणी थोडी वर नेली, थोडी खाली आणली. टाचणीच्या जवळपासही प्रतिमा येईना. मी तिसावर आलो, विसावर आलो. शेवटी भिडली ती तेरा आणि थोडं वर. फोकस सहा पूर्णांक सहा-सात.

मी पट्टी दोनदा लावली. मग आरसा उचलायला गेलो, तेव्हा कळलं की तो टेबलावर सपाट बसलेलाच नव्हता. मी त्याला काल रात्रभर वाळायला कापसाच्या वळ्यावर ठेवलं होतं, आणि आताही त्याच वळ्यासकट टेबलावर ठेवलं होतं, कारण त्याशिवाय तो डुलत होता. मी फुगीर बाजूला चांदी लावली होती. मेण सपाट बाजूला.

स्फेरोमीटरने भिंगाच्या फुगीर बाजूची त्रिज्या मी पूर्वीच मोजली होती, वीस सेंटिमीटर. चांदी फुगीर बाजूला असली की उजेड भिंगातून दोनदा जातोच, शिवाय मधे त्याला अंतर्गोल आरसा भेटतो. तो आरसा आपलंही काम करतो. वीस भागिले तीन. वर्गात दरवर्षी दोन मुलं तरी म्हणतात, सर, आरसा वाकडा पाहिजे ना, मग चांदी वाकड्या बाजूलाच लावली पाहिजे. मी त्यांना दरवर्षी झापतो. आणि माझ्या हाताने हेच केलं होतं, डोक्याला न विचारता.

डॉक्टर घसा तपासतात तेव्हा दिवा जवळच असतो. डॉक्टरांच्या कपाळापासून तो साठ सेंटिमीटरवर, आणि रोग्याचा घसा तीस सेंटिमीटरवर. या आरशाने दिव्याच्या ज्योतीची प्रतिमा कपाळापासून साडेसात सेंटिमीटरवरच पडली असती, डॉक्टरांच्याच नाकासमोर. तिथून पुढे उजेड फाकत गेला असता आणि रोग्याच्या तोंडापाशी थाळीएवढा होऊन सगळ्या चेहऱ्यावर सांडला असता. घशात काहीच नाही. मी पडताळा घेतला. दिवा साठवर ठेवला, कागद तीसवर धरला. कागदभर फिकट उजेड पसरला.

मग चपडी खरवडली, आम्लाने चांदी उतरवली, भिंग धुतलं. बाटलीत उरलेलं सगळं सिल्व्हर नायट्रेट घेतलं. आता चुकलो तर तिसऱ्यांदा करायला काही नव्हतं आणि जानेफळची तीन मुलं होती. मी मेण लावायच्या आधी भिंग टेबलावर ठेवलं, ते सपाट बसलं, त्या बाजूवर बोट ठेवलं आणि मोठ्याने म्हणालो, "ही." खोलीत मी एकटाच होतो.

या वेळी टाचणी चाळीसवर भिडली. डोकं हलवलं, टोकाला टोक चिकटून राहिलं. दिवा साठवर, कागद तीसवर. कागदावर ज्योत पडली, उलटी, खऱ्याच्या निम्मी, इतकी लख्ख की तिची काजळलेली कड दिसत होती. चांदी टिकावी म्हणून मी मागे चपडी लावून तिच्यावर शेंदूर-तेलाचा हात दिला आणि मध्यभागी हरभऱ्याएवढी जागा सगळं खरवडून मोकळी केली.

दवाखान्यात डॉक्टरांनी खिडक्या लावून घेतल्या, आरसा पट्ट्यात बसवला आणि मला समोर बसवलं.

"आ करा, मास्तर."

मी तोंड उघडलं. त्यांच्या कपाळाकडून उजेडाचा एक गरम ठिपका माझ्या टाळूवर आला.

"वा," ते म्हणाले. "पडजीभेवरची शीर अन् शीर दिसते. अन् हे काय, चष्मा काढला तरी साफ दिसून राह्यलं!"

मी तोंड मिटून त्यांना सांगितलं की तुम्ही भोकातून पाहता ते भिंगातूनच पाहता. घसा तीसवर असला तरी त्याची प्रतिमा डोळ्याला बरीच लांब दिसते, म्हणून म्हाताऱ्या डोळ्याला ताण पडत नाही. डॉक्टर हसले. पन्नाशी उलटली होती त्यांची. मला मात्र त्या गरम ठिपक्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. तो घशात किती खोल गेला होता ते मला जाणवलं होतं. डॉक्टर बैलांच्या दमणीत बसून लगेच जानेफळला गेले.

आठ दिवसांनी सकाळी ते आमच्या घरी आले. बायको ओसरीवर ज्वारी पाखडत होती. डॉक्टर उभ्यानेच सांगू लागले. तिघांपैकी दोघांचा घसा नुसता लाल. तिसऱ्याच्या, म्हणजे एका माळ्याच्या पोराच्या, टॉन्सिलवर मागच्या अंगाला नखाएवढा पडदा दिसला. त्याच दिवशी त्याला बुलढाण्याला धाडलं, सुई मिळाली. पोरगं घरी आलं, भाकर खाऊन राह्यलं.

"मास्तर, हे तुमच्या आरशानं झालं," ते म्हणाले.

बायकोने सूप खाली ठेवलं.

"डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "आमच्या पोरीच्या वक्ती हा आरसा असता तर दिसलं असतं का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच, आणि लगेच नजर काढून घेतली.

"तवा कुठून आणतो, वहिनी," ते म्हणाले. "माझा फुटून गेला होता. माझाच दोष म्हणा."

डॉक्टर चहा न घेताच गेले. मी टोपी घातली आणि शाळेत गेलो. त्या दिवशी मी चार तास शिकवले आणि संध्याकाळी घरी आलो, जेवलो, झोपलो. एका चांगल्या माणसाने माझ्या देखत माझं पाप स्वतःच्या अंगावर घेतलं होतं आणि मी ते घेऊ दिलं होतं. मला लाज वाटली. दोन महिन्यांत त्या भीतीशिवाय मला पहिल्यांदाच काहीतरी वाटलं, आणि ती लाज होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बायको पुन्हा ज्वारी घेऊन ओसरीवर बसली होती. मी तिच्यासमोर पायरीवर बसलो.

"डॉक्टर खोटं बोलले काल," मी म्हटलं. "त्यांचा आरसा नवरात्राआधी फुटला. तेव्हाच त्यांनी मला दुसरा करून मागितला होता. भिंग शाळेत होतं. मी केला नाही."

तिचं सूप थांबलं नाही. वरखाली होत राहिलं, कोंडा उडत राहिला.

"काऊन?" तिने विचारलं.

"पेपर होते. मग इन्स्पेक्टर आले. मग दिवाळी." मी पायरीवर पडलेला कोंडा झटकला. "कंटाळा केला."

मी वाट पाहत होतो. तिने ओरडावं, सूप माझ्या अंगावर फेकावं, माहेरी निघून जावं, काहीही करावं, असं मला वाटत होतं. तिने सूप मांडीवर टेकवलं आणि त्यातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"किती येळ लागला तो कराले?" तिने विचारलं.

"दोन दिवस," मी म्हणालो. "पहिल्यांदा चुकलो. चांदी उलट्या बाजूला लागली."

"अन् चुकले नसते तर?"

मी हिशेब केला. मेण, आम्ल, साखरेचं पाणी, वाळवण, टाचणी.

"एक दुपार," मी म्हटलं.

"एक दुपार," ती म्हणाली, आणि सूप पुन्हा हातात घेतलं.